राहू दे आजची गोळी

नणंद-भावजयीचं पटलं तर शेजाऱ्यांना काम उरत नाही, असं वहिनी गमतीनं म्हणायची. या दोघींच्या शेजाऱ्यांना नऊ वर्षं काहीच काम नव्हतं. नवरा गेल्यावर वहिनी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटी उरली होती. महिनाभरात थोरल्या नणंदबाई आपली बॅग आणि पुस्तकांची चार खोकी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मला एकटीला कंटाळा येतो," एवढंच म्हणाल्या. खरं तर कंटाळा त्यांना उभ्या जन्मात कधी आला नव्हता. वहिनीला एकटं ठेवायचं नाही, हे सांगण्याची ती त्यांची पद्धत होती.

वहिनी घरी शिवणकाम करायची. नवे कपडे नाहीत, दुरुस्तीचंच काम. पँट आखूड करणं, झिप बदलणं, कोटाचं अस्तर घालणं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन आणि आतल्या खोलीत वन्संचा पलंग. वन्संनी छत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. निवृत्त झाल्या तरी डोळ्यांची आणि जिभेची सवय सुटली नव्हती. वहिनीनं "माझी मदत केली" म्हटलं की आतून आवाज यायचा, "मला मदत केली." दूधवाल्याच्या पावतीवरसुद्धा त्या लाल पेन चालवत.

निवृत्तीच्या वर्षीच त्यांच्या सांध्यांनी दावा मांडला. बोटं सुजली, सकाळी मुठी वळेनात. बरीच औषधं झाली आणि शेवटी रोजची एक छोटी पांढरी गोळी कायमची मागे लागली. पाच मिलिग्रॅम, सकाळी खाल्ल्यावर. आठ वर्षं झाली. गोळीनं हात चालते राहिले, पण चेहरा गोल झाला, कातडी कागदासारखी पातळ झाली, जरा कुठं हात आपटला की जांभळा डाग. वहिनीला ती गोळी कधीच आवडली नाही. स्टिरॉइड म्हटलं की लोक काय काय सांगतात. आजारापेक्षा इलाज भयंकर, असं तिचं मत होतं आणि ते ती दर महिन्याला नवं पाकीट आणताना बोलूनही दाखवायची.

त्या मंगळवारी वन्संना पहाटेच उलटी झाली. मग जुलाब. कुठल्या तरी खाण्यातून बाधलं असावं, किंवा साथ असावी. वरच्या मजल्यावर दोघांना तसंच झालं होतं. साडेसातला त्यांनी सवयीनं चहा-टोस्टबरोबर गोळी घेतली आणि दहाव्या मिनिटाला सगळं बाहेर आलं. वहिनीनं बादली धरली, पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसलं.

"गोळी पडली गं," वन्सं म्हणाल्या. "दुसरी दे."

"वन्सं, पोटात पाणी ठरत नाही तुमच्या. त्यात ती गोळी म्हणजे आगीत तेल. राहू दे आजची गोळी. पोटाला जरा विसावा मिळू दे."

"चुकवायची नाही म्हणाले होते."

"एका दिवसानं काय होतंय? उलट बरंच. आठ वर्षं एक दिवस सुट्टी नाही बिचाऱ्या शरीराला."

वन्संनी वाद घातला नाही. अंगात त्राण नव्हतं. भिंतीकडे तोंड करून त्या झोपल्या आणि वहिनीनं गोळ्यांचं पाकीट उचलून फडताळात वर ठेवून दिलं. मायेनंच ठेवलं.

बुधवारी उलट्या कमी झाल्या. वहिनीला वाटलं, बघा, गोळी थांबली आणि पोट शांत झालं. मीठ-साखरेचं पाणी ती चमच्याचमच्यानं पाजत होती. अंग किंचित गरम होतं. गोळीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

पण वन्सं उठेनात. त्यांना अशक्तपणा नवा नव्हता. सांधे धरले की त्या दोन-दोन दिवस पडून असायच्या, पण पडल्यापडल्या वर्तमानपत्र पालथं घालायच्या. आता वर्तमानपत्र उशाशी घडी न मोडता पडलं होतं. "पाय दुखतात," त्या म्हणाल्या. सांधे नव्हेत, मांड्या आणि पोटऱ्या. "दाबू का?" वहिनीनं विचारलं, तर खेकसल्या, "ते मशीन बंद कर आधी! डोक्यात घण घालतेयस माझ्या!" नऊ वर्षांत मशीनच्या आवाजाबद्दल चकार शब्द काढला नव्हता त्यांनी. वहिनी चरकली. मशीन बंद करून आत गेली तर वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. संध्याकाळी न्हाणीघरात जायला उठल्या आणि दारापर्यंत जाऊन चौकट धरून उभ्या राहिल्या. "खोली फिरतेय," म्हणाल्या. पुन्हा आडव्या झाल्या की फिरायची थांबली.

जुलाबांनी माणूस असंच होतं, वहिनीनं मनाची समजूत घातली. दोन दिवस पोटात अन्न नाही, मग चक्कर येणारच. प्रत्येक गोष्टीला तिच्याजवळ एक कारण होतं आणि प्रत्येक कारण सुटंसुटं पाहिलं तर बरोबरच होतं.

गुरुवारी सकाळी वन्संचा चेहरा पांढराफटक दिसला. कपाळावर घाम आणि हात मात्र गार. "वन्सं, तुमची थोडा चहा घेते का?" घाईत वहिनीच्या तोंडून भलतंच वाक्य गेलं. गेल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि ती थांबली, दुरुस्ती येईल म्हणून. वन्संनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. जणू वाक्याचा अर्थ त्या कुठून तरी लांबून गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "आईला सांग, मी येते."

त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

वहिनी तशीच जिना उतरली. इमारतीच्या खालीच औषधांचं दुकान होतं. दुकानाची मालकीण पन्नाशीची, चष्मा साखळीला लटकवणारी, बोलायला तुटक. लोक तिला मागं 'कडूबाई' म्हणायचे आणि ते तिला माहीत होतं. वहिनी धापा टाकत म्हणाली, "जुलाबावरची पावडर द्या. आणि उलटी थांबायची गोळी."

"कुणाला?"

"आमच्या वन्संना. तीन दिवस झाले. आज जरा भ्रमल्यासारखं बोलतायत."

कडूबाईचा पावडरीकडे गेलेला हात अर्ध्यावर थांबला. "तुमच्या नणंदबाई? ज्यांच्यासाठी दर महिन्याला स्टिरॉइडचं पाकीट नेता, त्या? गोळी चालू आहे ना?"

"नाही, बंदच केलीय. पोट बिघडलेलं म्हणून."

"कधीपासून?"

"मंगळवारची उलटून पडली. मग दिलीच नाही."

कडूबाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "उठल्यावर चक्कर येते? पाय, पोट दुखतं? हात-पाय गार लागतात?"

वहिनी मान हलवत राहिली. प्रत्येक प्रश्नाला हो. कालपासून जे सुटंसुटं होतं ते या बाईनं वन्संना न पाहताच एका धाग्यात ओवलं होतं.

कडूबाईनं दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना "थांबा नाहीतर नंतर या" म्हणून सांगितलं, फोन कानाला लावला आणि रुग्णवाहिका बोलावतच जिना चढायला लागली.

वर वन्सं पलंगावर नव्हत्या. न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली आला होता आणि मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. डोळे उघडे होते, पण कण्हणंसुद्धा क्षीण. वहिनी त्यांना उठवून बसवायला धावली.

"बसवू नका!" कडूबाई ओरडली. "आडवंच राहू द्या. ती उशी घ्या, पायांखाली. तोंडात काही घालू नका, ठसका लागेल." वन्संची नाडी धरून ती खाली बसली. हात धरून ठेवत तिनं वहिनीकडे पाहिलं. "ऐका. आपलं शरीर एक रस रोज तयार करतं. ही गोळी त्याचीच नक्कल. इतकी वर्षं बाहेरून मिळत गेलं की आतल्या ग्रंथी झोपी जातात. आजारपणात तर शरीराला तो जास्त लागतो, म्हणून ताप आला की गोळी वाढवायची असते. तुम्ही थांबवलीत. आत आता काही नाही आणि बाहेरूनही काही नाही."

"मी… मला कुणी…"

"ते नंतर. दवाखान्यात सगळे आधी हाताकडे बघतील. मोडलेलं हाड दिसतं, हे दिसत नाही. म्हणून तुम्ही सांगायचं. पाठ करा: आठ वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या, तीन दिवस पोटात गेलेल्या नाहीत, उलट्या-जुलाब, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच लागेल. म्हणा."

वहिनीनं म्हटलं. एक शब्द अडखळला. पुन्हा म्हटलं. कडूबाईनं वहिनीनं दाखवलेल्या फडताळातून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या मुठीत कोंबलं.

रुग्णवाहिकेत वहिनी वन्संच्या डोक्याशी बसून ते वाक्य ओठांत घोळवत होती. तिला देव आठवायला हवा होता, पण डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

दवाखान्यात नेमकं कडूबाई म्हणाली तसंच झालं. आत घेणाऱ्या सिस्टरनं मनगट पाहिलं, "पडल्या का? एक्स-रे करावा लागेल," म्हणाली. रक्तदाब घेतला, भुवया उंचावल्या. "पाणी कमी पडलंय अंगात. जुलाब ना? सलाईन लावू." तिचं काही चुकत नव्हतं. हॉलमध्ये एक मूल रडत होतं, पलीकडे कुणाच्या तरी डोक्याला टाके घालणं चाललं होतं, आणि ती एकटी चार ठिकाणी पुरी पडत होती.

वहिनीनं आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाईक चुकीचं माप देऊन वर तिच्यावरच उखडलं तरी ती उसवून पुन्हा शिवून द्यायची. तिनं ते वाक्य म्हटलं आणि रडणाऱ्या मुलाच्या आवाजात ते बुडून गेलं. सिस्टर वळून निघाली. वहिनीनं तिची बाही धरली.

"सिस्टर, थांबा! आठ वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतायत या. तीन दिवस एकही पोटात नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या यांना, आत्ता!"

टाके घालणारी डॉक्टर, एक सडपातळ मुलगी, मान वर करून पाहू लागली. "काय म्हणालात?" वहिनीनं मूठ उघडली. घामानं ओलं झालेलं पाकीट तिच्या तळहातावर होतं. डॉक्टरनं ते लांबूनच वाचलं आणि उठली.

"दाब किती?"

"पंचाहत्तर बाय चाळीस," सिस्टर म्हणाली.

"साखर?"

बोटाला टोचून थेंब घेतला. "बावन्न."

"हायड्रोकॉर्टिसोन शंभर, शिरेतून, लगेच. सलाईन जोरात सोडा, आणि साखरेसाठी ग्लुकोज द्या. रक्त पाठवा, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही." मग वहिनीकडे वळून, "हात आपण नंतर बघू. हाताला वेळ आहे."

पुढचा तासभर वहिनी भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची होती, पण बसवेना. तिला वाटत होतं, आपण बसलो तर काहीतरी तुटेल. सलाईनची पहिली बाटली संपली, दुसरी लागली. पाऊण तासानं दाब नव्वदवर आला. गालांवर मळकट पांढऱ्याऐवजी माणसाचा रंग दिसू लागला. दुपारी वन्संनी डोळे उघडून छताकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "माझा हात का दुखतोय?"

वहिनीनं तोंडात पदराचा बोळा धरला.

संध्याकाळी डॉक्टर पलंगाशी आली. इंजेक्शन दर सहा तासांनी चालू राहील, खाणं-पिणं सुरू झालं की गोळ्या, आधी जास्त, मग हळूहळू रोजच्या मापावर. हाड गोळीनं ठिसूळ झालेलं होतं, म्हणून साध्या पडण्यानं मनगट दोन ठिकाणी मोडलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं पलीकडच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या. डॉक्टर तसं काही म्हणाली नाही. तिनं वहीत लिहिता लिहिता विचारलं, "गोळी बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

वहिनी वन्संची चादर नीट करू लागली.

"कुणी नाही," वन्सं म्हणाल्या. "उलटी होत होती, राहिली घ्यायची."

डॉक्टरनं ते तसंच लिहून घेतलं.

वहिनीला घरी जाऊन एक घास गेला नाही. सकाळी ती परत आली तेव्हा वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात छातीशी. वहिनीनं डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "वन्सं, मी बंद केली. तुम्ही मागत होतात, मी दिली नाही. फडताळात वर ठेवली, तुमचा हात पोचणार नाही अशी. डॉक्टरबाईंना मी आत्ता जाऊन सांगणार आहे."

"बस."

"नाही, मी…"

"बस आधी. मला मान वर करून बोलवत नाही." वहिनी बसली. वन्संनी प्लास्टरमधला हात उशीवर टेकवला. "दोन वर्षांपूर्वी सांध्यांच्या डॉक्टरांकडे मला एक कागद दिला होता. आजारपणात काय करायचं त्याचा. तिथली सिस्टर म्हणाली, घरच्यांनाही वाचून दाखवा. तुला माहीत आहे मी त्याचं काय केलं?"

"काय?"

"बसमध्ये बसून त्यातल्या चुका काढल्या. अकरा निघाल्या. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार. मजा वाटली. मजकूर वाचलाच नाही गं मी. आणि तुला दाखवलाही नाही. म्हटलं, वहिनीला आधीच त्या गोळीचा राग, त्यात आणखी कशाला घाबरवा. माझं मी बघीन." त्यांनी मान हलवली. "माझं मी बघीन! आणि बघायची वेळ आली तेव्हा मला आईनं बोलावल्यासारखं वाटत होतं."

वहिनीनं डबा उघडला, चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. तो हात सवयीचा नव्हता. पहिला घास चादरीवर सांडला. दोघींनी त्याकडे पाहिलं आणि कुणीच पुसला नाही.

डॉक्टरला वहिनीनं सांगितलंच. डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर वहिनीला सोपं गेलं असतं. तिनं खुर्ची ओढून दोघींना समोरासमोर बसवलं आणि एक एक गोष्ट सांगितली. ताप आला तर एकीच्या दोन, सकाळी एक, संध्याकाळी एक, ताप जाईपर्यंत. मग परत एक. घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर लगेच पुन्हा. तीही पडली, किंवा जुलाब थांबेनात, तर गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. इंजेक्शन आणि दवाखाना. कुठलंही ऑपरेशन असो, दात काढणं असो, आधी सांगायचं. आणि आपल्या मनानं एकदम कधीच थांबवायची नाही. "दोन दिवस जास्त घेतल्यानं काही बिघडत नाही," ती म्हणाली, "न घेतल्यानं काय होतं ते तुम्ही पाहिलंत."

मग तिनं वहिनीला मांडीत इंजेक्शन द्यायला शिकवलं. बाटलीत पाणी सोडून पावडर विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, हवा काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. सरावाला घडी घातलेला जाड टॉवेल होता. चाळीस वर्षं सुई हातात धरणाऱ्या वहिनीची सुई पहिल्या खेपेला टॉवेलवरून घसरली. वन्सं पलंगावरून बघत होत्या. "सावकाश," म्हणाल्या. "मी कुठं जात नाहीये." पाचव्या खेपेला जमलं.

मनगट जुळलं, पण वाकडं. बोटं पूर्वीसारखी मिटेनात आणि पेन धरलं की अक्षर ओळीतून खाली घसरायचं. वन्संनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. लाल पेनं मात्र एके दिवशी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. वहिनीनं ते पाहिलं आणि त्या दिवशी तिला सुईत तीनदा धागा ओवता आला नाही.

पाच महिन्यांनी वन्संना खोकला झाला आणि ताप चढला. दुपारची वेळ होती. वहिनीनं मशीनवरचा कोट तसाच सोडला, थर्मामीटर लावला, एकशे एक. सकाळची गोळी पोटात होती. संध्याकाळी तिनं दुसरी पाण्याबरोबर पुढं केली आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत शेजारी बसून राहिली. मग विचारायला लागली. चक्कर? नाही. पाय? नाही. पोट? ठीक. आज वार कोणता?

"शनिवार," वन्सं म्हणाल्या. "आणि तू मला रात्रभर हेच विचारणार आहेस का?"

"हो."

खोकल्यासाठी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. तीन दिवस दोन-दोन गोळ्या गेल्या. चौथ्या दिवशी अंग थंड, हात कोमट, भूक लागलेली. वहिनीनं एकच गोळी वाटीत ठेवली. वन्संनी ती उचलली, पण लगेच तोंडात टाकली नाही.

"वहिनी, तुझ्यावर राग नाही माझा. कधीच नव्हता."

"माझा आहे," वहिनी म्हणाली. "असू दे थोडा. त्यानं लक्ष राहतं."

वन्संनी गोळी गिळली. वहिनीनं रिकामी वाटी घेतली, ओट्यावर विसळून पालथी घातली आणि कोटाचं अस्तर संपवायला बसली. एक बाही व्हायची होती.